लिफ्टचा करार: वाढता घ्यावा की ठोक?

सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्टच्या देखभालीचा विषय निघाला की दोन कागद फिरू लागतात. समजा, पहिल्या कंपनीचं म्हणणं असं: यंदा ६०,००० रुपये द्या आणि पुढे दरवर्षी ६,००० वाढवत जा. करार दहा वर्षांचा. दुसरी कंपनी म्हणते, वाढबिढ काही नाही, दहाही वर्षं ८५,००० ठोक. आकडे जीएसटी धरून आहेत आणि सेवा दोघांची सारखीच, असं मानू.

सभेत कोणीतरी लगेच बेरीज करतो. दहावीच्या पुस्तकातली अंकगणिती श्रेढी इथे जशीच्या तशी लागू पडते. पहिलं पद ६०,०००, शेवटचं १,१४,०००, दोन्हींची बेरीज गुणिले पाच, म्हणजे ८,७०,०००. ठोक कराराचे होतात ८,५०,०००. वीस हजार वाचले, ठराव मंजूर! बेरीज अगदी बरोबर आहे. निर्णय मात्र बहुधा चुकलेला आहे, कारण या बेरजेत आजचा रुपया आणि दहा वर्षांनंतरचा रुपया एकाच भावाने मोजले आहेत.

सोसायटीचे पैसे बँकेत सात टक्क्यांच्या मुदत ठेवीत आहेत असं धरू. मग दहाव्या वर्षाअखेर द्यायच्या १,१४,००० साठी आज किती बाजूला ठेवावे लागतील? दहा वर्षांत एका रुपयाचे जवळपास १.९७ रुपये होतात, म्हणून साधारण ५७,९५२ पुरतात. हेच त्या बिलाचं वर्तमान मूल्य. पहिल्या वर्षाअखेरच्या ६०,००० साठी आज ५६,०७५ लागतात. म्हणजे कागदावर जवळजवळ दुप्पट दिसणारं शेवटचं बिल आजच्या हिशेबात पहिल्यापेक्षा जेमतेम दोन हजारांनी जड आहे. मधली वर्षं तपासली तर सर्वांत जड निघतं सहावं: ९०,००० चं बिल, आजची किंमत ५९,९७१. दहाच्या दहा बिलं ५६ ते ६० हजारांच्या पट्ट्यात बसतात. दरवर्षीची वाढ व्याजाने जवळपास गिळून टाकली.

हा हिशेब दर वर्षाचा वेगळा न करता एका दमात करायची रीत आहे. खर्चाचे दोन भाग पाडायचे. खाली दहाही वर्षं सारखाच जाणारा ६०,००० चा पाया. त्यावर जिन्यासारखी चढणारी वाढ: पहिल्या वर्षी शून्य, दुसऱ्या वर्षी ६,०००, तिसऱ्या वर्षी १२,०००, असं करत दहाव्या वर्षी ५४,०००. पायाचं काम सोपं आहे. सात टक्क्यांनी दहा वर्षं दरसाल एक रुपया द्यायचा तर त्याची आजची किंमत ७.०२३६ रुपये होते. त्याला ६०,००० ने गुणलं की ४,२१,४१५.

जिन्याची पहिली पायरी दुसऱ्या वर्षापासून नऊ वर्षं चालते, पुढची तिसऱ्यापासून आठ वर्षं, आणि शेवटची फक्त दहाव्या वर्षापुरती. प्रत्येक पायरी म्हणजे सारख्या हप्त्यांची एक छोटी मालिकाच. या सगळ्या मालिका आजच्या दिवशी आणून बेरीज केली की एक गुणक मिळतो. तो काढायला पायाच्या गुणकातून, म्हणजे ७.०२३६ मधून, दहाव्या वर्षीच्या दहा रुपयांची आजची किंमत ५.०८३५ वजा करायची आणि उत्तराला ०.०७ ने भागायचं. येतात सुमारे २७.७२. वाढीच्या ६,००० ला त्याने गुणलं की १,६६,२९३. पाया आणि वाढ मिळून वाढत्या कराराची आजची किंमत ५,८७,७०८ रुपये.

ठोक कराराचे ८५,००० गुणिले ७.०२३६ म्हणजे ५,९७,००४. बेरजेत वीस हजारांनी स्वस्त वाटलेला करार आजच्या पैशांत नऊ हजारांवर महाग निघाला. पटत नसेल तर ताळा घ्या. वाढत्या करारात पहिली पाच वर्षं ठोकपेक्षा अनुक्रमे २५, १९, १३, ७ आणि १ हजार वाचतात. ते सात टक्क्यांनी ठेवत जा आणि सहाव्या वर्षापासून जास्तीचे ५, ११, १७, २३ आणि २९ हजार त्यातूनच काढा. दहाव्या वर्षाअखेर खात्यात सुमारे १८,२८८ शिल्लक राहतात.

खरी गोम व्याजदरात आहे. वाढत्या कराराला तुल्य असा ठोक हप्ता सात टक्क्यांना ८३,६७६ येतो. तोच चार टक्क्यांना ८५,०६४ आणि तीन टक्क्यांना ८५,५३९ होतो. म्हणजे सोसायटीचे पैसे मुदत ठेवीत न घालता बचत खात्यावरच पडून राहणार असतील, तर ८५,००० चा ठोक करारच फायद्याचा. त्यामुळे सभेत आधी खजिनदारांना विचारावं की वाचलेला पैसा कुठे ठेवणार आणि कर वगैरे जाऊन हातात किती टक्के पडणार. करारांची तुलना त्यानंतर.

चूक होते ती बहुतेक दोन ठिकाणी. पहिली वाढ दुसऱ्या वर्षापासून आहे हे विसरून लोक पहिल्याच वर्षी ६६,००० धरतात. मग आजची किंमत ४२,००० च्या वर फुगते आणि निकाल उलटतो. दुसरं म्हणजे वर्ष संपल्यावर पैसे द्यायचे असं हे सूत्र धरतं, पण देखभालीचे करार बहुधा आगाऊ रकमेवर चालतात. तसं असेल तर दोन्ही उत्तरांना १.०७ ने गुणा. वाढत्या कराराचे ६,२८,८४८ होतील. दोन्ही करार आगाऊ असले तर क्रम बदलत नाही, पण एक आगाऊ आणि दुसरा वर्षाअखेर असला तर बदलू शकतो. संगणकावर दहा वर्षांची बिलं एकाखाली एक लिहून हे सूत्र टाकलं तरी तेच उत्तर येतं, तेही वर्षाअखेरच्या गृहीतावरच:

```
=NPV(7%,B1:B10)
```

आणखी एक गोष्ट सूत्रात मावत नाही. ठोक करारात पहिल्या पाच वर्षांत तुम्ही कंपनीला ६५,००० जादा देऊन ठेवता, पुढची सेवा स्वस्तात मिळेल या भरवशावर. सहाव्या वर्षी कंपनीने गाशा गुंडाळला तर तो पैसा गेला. वाढत्या करारात हा धोका नाही. म्हणून दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर मी वाढत्याकडे झुकेन.

सही करण्यापूर्वी मात्र वाढीचं कलम शब्दन् शब्द वाचा. ‘दरवर्षी ६,००० रुपये वाढ’ आणि ‘दरवर्षी १० टक्के वाढ’ या दोन्हींत दुसऱ्या वर्षीचं बिल ६६,००० च येतं, त्यामुळे फरक पटकन लक्षात येत नाही. टक्क्यांत मात्र वाढीवर वाढ चढते. दहाव्या वर्षी बिल १,४१,४७७ वर पोचतं आणि आजची किंमत ६,३७,०५४ होते. त्या करारापुढे ८५,००० चा ठोक करार सरळ चाळीस हजारांनी स्वस्त आहे. तेव्हा वाढ रुपयांत किती, हे करारात अंकी आणि अक्षरी लिहून घ्या.