मुदतपूर्व परतफेडीची किंमत

शून्य व्याज रोख्यावर दरवर्षी व्याज मिळत नाही. तो दर्शनी किमतीपेक्षा बऱ्याच कमी रकमेस विकला जातो आणि मुदतीअखेर पूर्ण रक्कम हाती येते. गुजरातच्या सरदार सरोवर नर्मदा निगमने १९९३ मध्ये असेच रोखे विक्रीस काढले. आज ३,६०० रुपये भरा आणि वीस वर्षांनी, जानेवारी २०१४ मध्ये १,११,००० रुपये घ्या, असा हा करार होता. त्याचा चक्रवाढ परतावा वर्षाला सुमारे पावणेएकोणीस टक्के पडतो.

अशा रोख्याचा भाव व्याजदराच्या विरुद्ध दिशेने, तोही जोरात हलतो. कारण सारी रक्कम शेवटच्या दिवसावर टांगलेली असते. मुदतीला पाच वर्षे उरली असताना बाजारातील दर ९ टक्के धरला, तर १,११,००० रुपयांचे तेव्हाचे मूल्य सुमारे ७२,१०० रुपये होते. दर ८ टक्क्यांवर आला, तर तेच ७५,५०० च्या पुढे जाते. १० टक्के झाला, तर ६९,००० च्याही खाली येते. मुदत जितकी लांब, तितके हे हेलकावे मोठे.

मूळ करारात निगमला रोखे मुदतीपूर्वी परत घेण्याचा अधिकार नव्हता. पुढे व्याजदर उतरले आणि हे कर्ज महाग ठरू लागले. तेव्हा गुजरात विधिमंडळाने २००८ मध्ये कायदा करून निगमला तो अधिकार दिला. जानेवारी २००९ मध्ये प्रत्येक रोख्यामागे ५०,००० रुपये देऊन हे कर्ज फेडण्याचे ठरले.

टेंभी नाक्यावरील एखाद्या निवृत्ताकडे हा रोखा होता, असे समजू. पंधरा वर्षांत ३,६०० चे ५०,००० झाले, म्हणजे वर्षाला सुमारे १९ टक्के. मागील हिशेबात त्याचे काहीच गेले नाही. गेले ते पुढचे. उरलेल्या पाच वर्षांत त्याला वर्षाला १७ टक्क्यांहून अधिक मिळणार होते. आता ५०,००० रुपये ९ टक्क्यांनी गुंतवले, तर पाच वर्षांनी सुमारे ७६,९०० होतील. म्हणजे ३४,००० रुपये कमी.

परतफेडीचा अधिकार कर्जदाराकडे असला की तो दर उतरल्यावरच वापरला जातो, नेमका धारकाला पैसे पुन्हा गुंतवणे कठीण असताना. त्यामुळे दर घसरले, तरी अशा रोख्याचा भाव ठरलेल्या परतफेडीच्या रकमेच्या फार वर जात नाही. दर चढले, तर मात्र तो इतर रोख्यांसारखाच पडतो. या असमतोलाची भरपाई म्हणून असे रोखे सहसा थोडा जादा परतावा देऊ करतात. नर्मदा रोख्यांच्या धारकांनी ही भरपाई मागितलीच नव्हती, कारण करारात ते कलमच नव्हते.

म्हणून माहितीपत्रकात परतफेडीच्या तारखा आणि त्या-त्या तारखेची रक्कम प्रथम पाहावी. परतावा दोनदा काढावा. एकदा अखेरच्या तारखेपर्यंत आणि एकदा परतफेडीच्या पहिल्या तारखेपर्यंत. त्यातील कमी आकडाच हिशेबात धरावा.