परदेशी ग्राहकाने पैसे थकवले तर

वाटेत माल भिजला किंवा हरवला तर भरपाई सागरी विम्यातून मिळते. माल सुखरूप पोहोचला, ग्राहकाने उचलला आणि पैसे मात्र आले नाहीत, तर उपयोगी पडतो तो निर्यात पत विमा. भारतात तो मुख्यतः ईसीजीसी ही केंद्र सरकारची कंपनी देते. तिची स्थापना 1957 मध्ये झाली आणि मुख्यालय मुंबईत आहे. छोट्या निर्यातदारांसाठी तिची वेगळी पॉलिसी आहे. तीत ग्राहकाने पैसे बुडवल्यास नुकसानीच्या 95 टक्के आणि राजकीय कारणाने अडकल्यास 100 टक्के भरपाईची तरतूद आहे.

समजा, सांगलीच्या एका व्यापाऱ्याने 90 दिवसांच्या उधारीवर 20 लाख रुपयांची हळद पाठवली. त्याआधी त्याने या ग्राहकासाठी पतमर्यादा मागितली होती आणि कंपनीने ग्राहकाची माहिती काढून 15 लाखांची मंजूर केली होती. ग्राहकाने हुंडी स्वीकारली, माल सोडवून घेतला, पण मुदत उलटली तरी पैसे दिले नाहीत. आता भरपाई 20 लाखांवर मोजली जात नाही. मंजूर 15 लाखांचे 95 टक्के, म्हणजे 14.25 लाख मिळू शकतात, उरलेले 5.75 लाख व्यापाऱ्याच्या अंगावर पडतात. ऑर्डर वाढली की मर्यादाही आधी वाढवून घ्यायची असते, आणि घाईत नेमके हेच राहून जाते.

राजकीय जोखमीत ग्राहक प्रामाणिक असूनही पैसे अडकतात. 2022 मध्ये श्रीलंकेत परकीय चलनाचा खडखडाट झाला. अशा वेळी ग्राहक आपल्या बँकेत स्थानिक चलन भरतो, पण बँकेकडे पाठवायला डॉलर नसतात. युद्ध किंवा आयात परवाना अचानक रद्द होणे हेही याच गटात येते. ग्राहकाने परवाना काढलाच नसेल तर मात्र संरक्षण नाही.

पैसे थकले की गप्प बसून चालत नाही. थकबाकी ठरलेल्या मुदतीत कंपनीला कळवावी लागते, बँकेमार्फत आणि लेखी तगादा लावावा लागतो. छोट्या निर्यातदाराच्या पॉलिसीत थकीत रकमेसाठी साधारण दोन महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असतो. मग दावा दाखल होतो. सोबत इन्व्हॉइस, बिल ऑफ लेडिंग, स्वीकारलेली हुंडी, बँकेचा न वटल्याचा शेरा आणि ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार लागतो.

दावा सर्वांत जास्त अडतो तो दर्जाच्या वादात. ‘हळदीत कर्क्युमिन कमी निघाले’ एवढे ग्राहकाने लिहिले की मामला थकबाकीचा न राहता वादाचा होतो. मग त्याच्या देशातील न्यायालयाने निर्यातदाराच्या बाजूने निकाल दिल्याशिवाय सहसा पैसे मिळत नाहीत. म्हणून माल निघण्यापूर्वीचा त्रयस्थ तपासणी अहवाल आणि सीलबंद नमुना फार मोलाचा. भरपाई मिळाल्यावरही वसुलीचे प्रयत्न सुरूच ठेवावे लागतात आणि पुढे ग्राहकाकडून जे येईल, त्यातला कंपनीचा वाटा तिला द्यावा लागतो.