कार्बन डायऑक्साइड ३४: रिपोर्ट सुधारला की पेशंट बिघडला?

जबलपूरमध्ये नागपूर रोडवर, गढा भागात नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९५५ मध्ये सुरू झालेल्या या महाविद्यालयाच्या रुग्णालयात मंडला, डिंडोरी, बालाघाटच्या जंगलपट्ट्यातून पेशंट येतात. जवळच आयसीएमआरची आदिवासी आरोग्य संशोधन संस्था आहे. १९८४ मध्ये तिचं काम सुरू झालं आणि मलेरिया हा तिच्या अभ्यासाचा मोठा विषय राहिला. फॅल्सिपेरम मलेरियाचा गंभीर पेशंट आला की धमनीतलं रक्त काढून एबीजी मशीनवर लावतात आणि दोन मिनिटांत आकड्यांची चिठ्ठी हातात येते. या चिठ्ठीबद्दल इंटर्नपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांच्या मनात काही पक्के गैरसमज असतात. ते समजून घ्यायला शिकवण्यासाठी रचलेला एक पेशंट घेऊ. माणूस काल्पनिक आहे, पण आकडे अशा आजारात दिसतात तसेच आहेत.

मंडल्याकडचा तिशीतला शेतमजूर. पाच दिवस ताप, तपासणीत फॅल्सिपेरम, शुद्ध हरपत चाललेली. श्वास मिनिटाला ३६ आणि प्रत्येक श्वास खोल. एबीजी असा: पीएच ७.२६, कार्बन डायऑक्साइडचा दाब २३, बायकार्बोनेट १०. सोबतच्या तपासण्यांत सोडियम १३६, क्लोराइड १०४, अल्ब्युमिन २, लॅक्टेट ८.

गैरसमज: श्वास जोरात चालतोय म्हणजे फुप्फुसात बिघाड आहे.

पेशंटला पाहून पहिला शब्द तोंडात येतो तो न्यूमोनिया. पण इथे छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे आणि ऑक्सिजनही चांगला आहे. बिघाड रक्ताच्या आम्लतेत आहे.

कार्बन डायऑक्साइड रक्तात आम्लासारखा वागतो आणि त्याचा ताबा फुप्फुसांकडे असतो. बायकार्बोनेट आम्ल शोषून घेतं आणि त्याचा साठा मूत्रपिंडं सांभाळतात. या दोघांच्या प्रमाणावर पीएच ठरतो. म्हणून वाचायची पहिली पायरी पीएच. ७.३५ ते ७.४५ ही नेहमीची मर्यादा, ७.२६ म्हणजे रक्त आम्लाकडे झुकलेलं. दुसरी पायरी, दोष कुणाचा हे पाहणं. कार्बन डायऑक्साइड साचून आम्लता आली असती तर त्याचा आकडा ३५ ते ४५ च्या वर गेला असता. इथे तो उलट २३ वर उतरला आहे. बायकार्बोनेट मात्र २२ ते २६ च्या जागी १०. म्हणजे मूळ बिघाड चयापचयाचा आहे आणि फुप्फुसं जास्तीचा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून पीएच सावरायची धडपड करत आहेत. खोल, वेगवान श्वास ही त्या धडपडीची खूण.

हे आम्ल येतं कुठून? फॅल्सिपेरमने ग्रासलेल्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात आणि वाट तुंबते. पुढच्या ऊतींना ऑक्सिजन पुरत नाही, त्या ऑक्सिजनविना साखर जाळतात आणि लॅक्टिक आम्ल तयार होतं. परजीवी स्वतःही त्यात भर घालतो, आणि लॅक्टेट निकाली काढणारं यकृत दमलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत बायकार्बोनेट १५ च्या खाली किंवा लॅक्टेट ५ किंवा त्याहून जास्त असेल तर मलेरिया गंभीर मानतात. आपला पेशंट दोन्ही निकषांत बसतो.

गैरसमज: कार्बन डायऑक्साइड नॉर्मलच्या जवळ आला म्हणजे पेशंट सुधारतोय.

माझ्या मते या चिठ्ठीबाबतचा सर्वांत घातक गैरसमज हाच. सहा तासांनी त्याच पेशंटची दुसरी चिठ्ठी आली: कार्बन डायऑक्साइड ३४, बायकार्बोनेट तेच १०, श्वास मिनिटाला १८. नातेवाइकांना वाटतं, दम कमी झाला. नवख्या डॉक्टरलाही २३ पेक्षा ३४ बरा वाटतो, कारण तो ३५ ला टेकलेला आहे.

इथे तिसरी पायरी कामाला येते. आकडा नॉर्मल आहे का, हा प्रश्न बाजूला ठेवायचा. या बायकार्बोनेटला तो किती असायला हवा, हे विचारायचं. १९६७ मध्ये अल्बर्ट, डेल आणि विंटर्स यांनी चयापचयी आम्लतेच्या पेशंटांवरून एक सोपं समीकरण मांडलं:

अपेक्षित कार्बन डायऑक्साइड = (१.५ × बायकार्बोनेट) + ८, दोन कमी-जास्त.

बायकार्बोनेट १० असताना उत्तर येतं २३, म्हणजे २१ ते २५ चालेल. पहिल्या चिठ्ठीतला २३ अगदी बरोबर बसतो. फुप्फुसं आपलं काम पूर्ण करत होती, दुसरा बिघाड नव्हता. दुसऱ्या चिठ्ठीतला ३४ मात्र अपेक्षेपेक्षा बराच वर आहे. तिथे पीएच पाहा, ७.०९. श्वासाचे स्नायू थकले आहेत किंवा मेंदूकडून श्वासाचा आदेश मंदावला आहे. चयापचयी आम्लतेच्या जोडीला श्वसनाची आम्लता आली आहे, आणि संदर्भ-मर्यादेच्या रकान्याकडे पाहून ती कधीच दिसणार नाही.

याच गफलतीचं दुसरं रूप व्हेंटिलेटर लावताना दिसतं. अशा पेशंटला झोपेचं औषध देऊन नळी घातली आणि मशीनचा वेग नेहमीसारखा मिनिटाला १४ ठेवला की कार्बन डायऑक्साइड ४० वर जातो. आकडा पुस्तकी, पण बायकार्बोनेट १० असताना पीएच ७.०२ वर आपटतो आणि हृदय थांबू शकतं. म्हणून नळी घालण्याआधी पेशंट स्वतः किती श्वास घेत होता हे मोजून मशीनचा वेग त्याच्या जवळ ठेवावा लागतो.

फुप्फुसांची ही भरपाई मिनिटांत सुरू होते आणि साधारण १२ ते २४ तासांत पूर्ण होते. तिला मर्यादाही आहे. कार्बन डायऑक्साइड १० ते १२ च्या खाली सहसा जात नाही, आणि चयापचयी आम्लतेत भरपाई पीएच पुरता नॉर्मलवर आणत नाही. तो तिथे आलेला दिसला तर भरपाई उत्तम झाली असं म्हणू नका, दुसरा बिघाड शोधा.

गैरसमज: पीएच नॉर्मल म्हणजे रक्त नॉर्मल.

आता दुसरा पेशंट. त्यालाही मलेरिया, पण दोन दिवस उलट्या थांबलेल्या नाहीत. पीएच ७.४०, कार्बन डायऑक्साइड ३८, बायकार्बोनेट २३. ही चिठ्ठी वॉर्डात कुणीही फाइलला लावून मोकळा होईल. पण सोडियम १३८ आणि क्लोराइड ८८ आहे. चौथी पायरी इथेच लागते. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा करा. १३८ − ८८ − २३ = २७. याला अ‍ॅनायन गॅप म्हणतात आणि तो साधारण १२ च्या आसपास असतो. २७ म्हणजे रक्तात मोजलं न गेलेलं भरपूर आम्ल आहे. मग बायकार्बोनेट शाबूत कसं? उलटीतून पोटातलं आम्ल आणि क्लोराइड बाहेर गेलं, त्यामुळे बायकार्बोनेट वाढलं. लॅक्टिक आम्लाने तेवढंच खाल्लं. दोन विरुद्ध बिघाड एकमेकांना झाकून बसले. अशा पेशंटला सलाइन देऊन उलट्या थांबल्या, की झाकण उडतं आणि आम्लता उघडी पडते.

पहिल्या पेशंटचा गॅप १३६ − १०४ − १० = २२. पण त्याचं अल्ब्युमिन फक्त २ आहे. अल्ब्युमिनवरच्या ऋण भाराचा वाटा गॅपमध्ये असतो, म्हणून ते ४ च्या खाली जितकं जाईल त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे २.५ मिळवायचे. खरा गॅप २७. कुपोषण आणि लांबलेला ताप असलेल्या भागात ही दुरुस्ती केली नाही तर सौम्य लॅक्टिक आम्लता चक्क निसटते. आता ताळा पाहा: गॅप १२ वरून २७ झाला, म्हणजे १५ ची वाढ. बायकार्बोनेट २४ वरून १० वर, म्हणजे १४ ची घट. दोन्ही जवळजवळ सारखे, म्हणून या पेशंटमध्ये आम्लतेखाली तिसरं काही दडलेलं नाही.

गैरसमज: बायकार्बोनेट जास्त म्हणजे अल्कली जास्त.

या गैरसमजाने कधी काळी माणसं मेली आहेत. १९५२ मध्ये कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात पोलिओची साथ आली. श्वास अडखळणाऱ्या मुलांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं आढळलं आणि डॉक्टरांनी त्याचा अर्थ लावला, काही अनाकलनीय अल्कलोसिस. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी उलट सांगितलं: श्वास अपुरा पडतोय, कार्बन डायऑक्साइड साचलाय, बायकार्बोनेटची वाढ हा त्याचाच परिणाम. त्यांनी घशात छेद देऊन नळीवाटे हाताने श्वास द्यायला सुरुवात केली. पुढे शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत राहिले आणि मृत्यूचं प्रमाण बरंच खाली आलं. त्या वेळी तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल आस्ट्रुप होते आणि आजच्या एबीजी मशीनची वाट बरीचशी तिथून निघाली. पीएच न पाहता बायकार्बोनेट वाचलं की असं होतं.

याचाच उलटा भाऊ म्हणजे बायकार्बोनेट कमी दिसलं की सोडाबायकार्बचं इंजेक्शन. लॅक्टिक आम्लतेत आम्ल सतत तयार होत असतं, त्यामुळे भर घातलेलं बायकार्बोनेट त्याच्याशी मिसळून कार्बन डायऑक्साइडच वाढवतं, आणि तो बाहेर टाकायला फुप्फुसांत ताकद हवी. मलेरियात खरा उपाय आर्टेसुनेट, ते शिरेतून आणि लगेच.

राहिला नमुना. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा तसाच राहिला तर ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचे आकडे बदलतात. द्रव हेपॅरिन जास्त राहिलं तर रक्त पातळ होऊन कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट खोटे कमी दिसतात, म्हणजे नसलेली आम्लता दिसू शकते. नमुना टेबलावर तासभर पडला तर रक्तपेशी साखर खात राहतात, लॅक्टेट वाढतो आणि पीएच उतरतो. प्लास्टिक सिरिंजमधला नमुना साधारण अर्ध्या तासात मशीनवर जायला हवा. आणि मशीनवरचं बायकार्बोनेट मोजलेलं नसतं, पीएच आणि कार्बन डायऑक्साइडवरून हिशोबाने काढलेलं असतं. त्यामुळे तिन्ही आकडे आपसांत जुळले म्हणून नमुना चांगला ठरत नाही. प्रयोगशाळेतून वेगळं मोजलेलं बायकार्बोनेट त्याच्या शेजारी ठेवून पाहा. दोन-तीनपेक्षा जास्त फरक आला तर उपचार बदलण्याआधी रक्त पुन्हा काढा, आणि पाठवताना चिठ्ठीवर पेशंटचा श्वासाचा वेग आणि त्याला किती ऑक्सिजन चालू आहे हे जरूर लिहा.