विजेवाचून दंतपूरण : हस्तोपकरणांनी किडलेला दात वाचविण्याची पद्धती

किडलेला दात कोरून भरावयाचा म्हणजे यंत्र हवे, यंत्रास वीज हवी, आणि दात कापताना त्यावर पाण्याची धार हवी, अशी दंतवैद्यकाची समजूत दीर्घकाळ होती. जेथे यांपैकी काहीच नव्हते, तेथे रुग्णापुढे एकच मार्ग उरे. तो म्हणजे दात उपटून टाकणे. पूर्व आफ्रिकेतील टांझानियात, दार-एस-सलाम येथील विद्यापीठाच्या ग्रामीण दंतारोग्य कार्यक्रमात, १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास या समजुतीस छेद देणारा प्रयोग झाला. त्यात यंत्राचा उपयोग न करता केवळ हातातील उपकरणांनी कीड काढून पोकळी चिकट सिमेंटाने भरण्यात आली. यो फ्रेंकेन यांचे नाव या पद्धतीशी प्रारंभापासून निगडित आहे. पुढे १९९१ मध्ये थायलंडात आणि १९९३ मध्ये झिंबाब्वेत क्षेत्रीय परीक्षणे सुरू झाली, व १९९४ च्या जागतिक आरोग्यदिनी जागतिक आरोग्य संघटनेने तिचा पुरस्कार केला. ‘अ‍ॅट्रॉमॅटिक रिस्टोरेटिव्ह ट्रीटमेंट’ या तिच्या नावाचा अर्थ ‘अनाघाती पूरणचिकित्सा’ असा करता येईल.

यंत्र नाही म्हणून पत्करलेली ही दुय्यम तडजोड होय, असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. दात किडतो कसा हे पाहिले म्हणजे या पद्धतीस स्वतंत्र आधार आहे हे ध्यानी येते. दाताचे बाह्य कवच, म्हणजे दंतवल्क, अतिशय कठीण असते. त्याच्या आत दंतिन हे तुलनेने मऊ द्रव्य असते. कीड दंतवल्कातील एखाद्या बारीक खाचेतून आत शिरते आणि दंतिनात पोहोचताच आडवी पसरते. त्यामुळे वरून तोंड लहान आणि आत पोकळी मोठी, असे तिचे स्वरूप होते. या किडलेल्या दंतिनाचे दोन थर असतात. बाहेरचा थर जंतुमय व ओलसर असून त्यातील तंतूंची घडण मोडलेली असते. तो पुन्हा सुधारत नाही. आतील थरातून खनिजे काही अंशी गेलेली असली तरी तंतूंची चौकट शाबूत असते, आणि वरून पोकळी घट्ट बंद झाली तर त्यात खनिजे पुन्हा साठू शकतात. जपानमधील फुसायामा यांच्या १९७० च्या दशकातील संशोधनाने हा भेद विशेष स्पष्ट केला. काढावयाचा तो पहिला थर, दुसरा राखावयाचा. हा भेद फिरत्या यंत्रापेक्षा हातातील चमच्यास अधिक चांगला कळतो, कारण मऊ थर त्याखाली सहज निघतो आणि टणक थर त्यास अडवतो.

एक नमुना घेऊन ही कृती पाहू. दहा वर्षांच्या मुलाची खालची पहिली कायमची दाढ आहे. तिच्या चावण्याच्या पृष्ठावर लहानसे छिद्र दिसते. गोड खाल्ले की क्षणभर कळ येते, परंतु रात्री ठणका लागत नाही आणि हिरडीवर गळूही नाही. या शेवटच्या दोन गोष्टी निर्णायक आहेत. आपोआप उठणारा व टिकून राहणारा ठणका, गळू किंवा उघडी पडलेली दंतमज्जा यांपैकी काही आढळल्यास ही पद्धती वर्ज्य होय. तेथे भरलेले सिमेंट आतील रोग झाकून ठेवते, एवढेच.

मुलास शाळेतील मेजावर उताणे निजवितात. वैद्य त्याच्या डोक्यामागे बसतो. प्रकाश खिडकीचा किंवा कपाळावर बांधलेल्या दिव्याचा. दाढेच्या दोन्ही बाजूंस कापसाच्या गुंडाळ्या ठेवून लाळ अडविली जाते. नंतर कुऱ्हाडीच्या पात्यासारख्या टोकाचे हस्तोपकरण छिद्रात टेकवून मागेपुढे फिरवितात. खालून आधार नसलेले दंतवल्क त्याखाली तुटते आणि तोंड सुमारे १ मिलिमीटर रुंद होते. सर्वांत लहान चमचा आत जाण्यास एवढे पुरे असते.

यापुढील पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि चूकही येथेच होते. नवशिका प्रथम पोकळीचा तळ खरवडू लागतो. वस्तुतः आरंभ दंतवल्क व दंतिन यांच्या सांध्यापासून, म्हणजे कडेच्या आतील बाजूने करावयाचा असतो. तेथे मऊ दंतिन राहिले तर सिमेंट चिकटत नाही, फट राहते आणि कीड तिच्यातून पुन्हा आत जाते. कडा सर्व बाजूंनी स्वच्छ व टणक झाल्यावर मग तळाकडे वळावे. तळाशी मज्जा जवळ असते, म्हणून तेथे हात हलका ठेवून मऊ, ओलसर भाग निघाला की थांबावे. उरलेला थर रंगाने तपकिरी असला तरी चालतो. कसोटी रंगाची नसून टणकपणाची आहे. बाह्य थर निर्जीव असल्याने तो काढताना बहुधा वेदना होत नाही व भुलीचे इंजेक्शन क्वचितच लागते. मूल एकाएकी कळवळले, तर चमचा जिवंत दंतिनास लागला असे समजावे.

पोकळी भरण्याचे द्रव्य म्हणजे ग्लास आयनोमर सिमेंट. विल्सन व केंट यांनी इंग्लंडात शोधलेल्या या सिमेंटाची माहिती १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. (टांझानियातील पहिल्या प्रयोगांत मात्र पॉलिकार्बोक्झिलेट सिमेंट वापरले होते.) विशिष्ट काचेची पूड पॉलिॲक्रिलिक आम्लात मिसळली की काचेतून सुटलेले धातूंचे आयन आम्लाच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधतात, आणि तेच आम्ल दातातील कॅल्शियमशीही बंध जोडते. प्रकाश वा उष्णता न देता सिमेंट घट्ट होते व त्यातून थोडे थोडे फ्लोराइडही सुटत राहते. भरण्यापूर्वी सौम्य आम्लात बुडविलेल्या कापसाने पोकळी १० ते १५ सेकंद पुसतात, पाण्याच्या बोळ्यांनी दोन-तीनदा धुतात आणि कोरड्या बोळ्याने टिपून घेतात. मिश्रण सुमारे अर्ध्या मिनिटात तयार करावे. ते तकतकीत दिसते तोवरच चिकटते; तकाकी गेली की टाकून द्यावे. पूड वाचविण्याच्या हेतूने मंदावलेले मिश्रण वापरणारा पुढे सारी मेहनत वाया घालवितो.

पोकळी व लगतच्या खाचा किंचित अधिक भरून, हातमोज्यातील बोटास व्हॅसलीन लावून सिमेंट दाबून धरतात. बोट वर उचलू नये, बाजूस सरकवावे, नाहीतर सिमेंट त्याबरोबर वर येते. नंतर कार्बन कागदावर दात चावून उंचवटे तपासतात, जादा सिमेंट कोरून काढतात आणि पुन्हा व्हॅसलीन चोपडतात. कारण पहिल्या काही वेळात लाळ लागणे किंवा फार कोरडे पडणे ही दोन्ही सिमेंटास घातक ठरतात. मुलाने निदान एक तास काही खाऊ नये.

हे पूरण किती टिकते? २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार कायमच्या दातांतील एकाच पृष्ठावरील पूरणांपैकी सुमारे ८० टक्के पाच वर्षांनंतर शाबूत होती. दुधाच्या दातांत एका पृष्ठावरील पूरणे दोन वर्षांनी ९३ टक्के टिकली. परंतु अनेक पृष्ठांवरील पूरणांचे प्रमाण ६२ टक्क्यांपर्यंत खाली आले. या तफावतीचे कारण उघड आहे. एका पृष्ठावरील पोकळीस चारही बाजूंनी दाताच्या भिंतींचा आधार असतो. दोन दातांमधील पोकळीत मात्र एक भिंतच नसते; तेथे हिरडीजवळ लाळ अडविणे कठीण जाते आणि चावण्याचा सारा ताण ताणाखाली सहज तडकणाऱ्या सिमेंटावर पडतो. सहा महिन्यांनी वा वर्षाने तपासणी करताना अर्धा मिलिमीटर व्यासाचे गोल टोक असलेली शलाका कडेने फिरवितात. ती फटीत शिरली तर पूरण निकामी समजून पुन्हा करावे लागते. नमुन्यातील दाढेचे पूरण हे एका पृष्ठावरचेच असल्याने तेथे यशाची अपेक्षा रास्त आहे. त्याच मुलाच्या दोन दुधाच्या दाढांमध्ये पोकळी आढळली, तर दाढ पडण्यास किती अवधी उरला आहे हे पाहून मगच सिमेंटाची बाटली उघडावी.