एकवीस मिनिटांत किती किलोमीटर?

कोकण रेल्वेचे पावसाळ्यात वेगळे वेळापत्रक असते. मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले, तर गाडी ताशी 40 किमीपेक्षा जोरात नेऊ नये, अशी सूचना लोको पायलटला असते. समजा, एरवी ताशी 75 किमीने जाणारी गाडी काही अंतर अशी 40 ने रेटावी लागली आणि पुढच्या स्थानकात 21 मिनिटे उशिरा पोहोचली. मग पावसाचा पट्टा केवढा होता?

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना हे गणित तोंडपाठ असते. तरी पहिला हात बहुधा चुकीच्या जागी जातो: 75 वजा 40 म्हणजे 35, त्याला 21 मिनिटांनी गुणायचे. उत्तर येते सव्वाबारा किलोमीटर, आणि ते साफ चूक आहे. ही वजाबाकी फक्त एवढेच सांगते की, दोन्ही वेगांनी 21 मिनिटे धावल्यास एक गाडी दुसरीच्या किती पुढे जाईल. इथे दोन्ही वेळा अंतर तेच आहे. बदलला तो वेळ.

म्हणून वेग बाजूला ठेवून एका किलोमीटरला लागणारा वेळ पाहावा. ताशी 75 ने एक किलोमीटर 48 सेकंदांत संपतो, ताशी 40 ने तोच 90 सेकंद घेतो. म्हणजे दर किलोमीटरला 42 सेकंदांचा फटका. एकूण उशीर 1260 सेकंदांचा. त्याला 42 ने भागले की 30 किलोमीटर. पडताळून पाहू: 30 किमीला एरवी 24 मिनिटे लागतात, पावसात 45. फरक बरोबर 21.

पुस्तकातले सूत्र हेच करते. दोन वेगांचा गुणाकार, भागिले त्यांची वजाबाकी, गुणिले तासांतला उशीर. उशीर मिनिटांतच ठेवला, तर उत्तर साठपट फुगते. आणि प्रश्नात 'नेहमीच्या वेगाच्या तीन चतुर्थांश वेगाने' एवढेच दिले असेल, तर नेहमीचा वेळ निघतो, अंतर नाही. त्यासाठी निदान एक वेग आकड्यात हवा.

रुळावर मात्र हिशेब इतका सरळ नसतो. ब्रेक लावून 75 चे 40 करायला आणि पुन्हा वेग घ्यायला वेळ जातो, तोही उशिरात मिसळतो. त्यामुळे निघालेले अंतर खऱ्यापेक्षा थोडे जास्तच येते. त्यात हा मार्ग बराचसा एकेरी. समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी गाडी थांबली, तर ती मिनिटेही 'पावसाच्या' खात्यावर पडतात. ओळखायचे कसे? ज्या दोन स्थानकांदरम्यान उशीर झाला, त्यांच्यातले अंतर पाहावे. ते 18 किमी असेल आणि उत्तर 30 येत असेल, तर संपूर्ण 18 किमी संथ धावूनही 12 मिनिटे 36 सेकंदच खर्ची पडतात. उरलेली आठ-साडेआठ मिनिटे गाडी कुठेतरी उभी होती.