सहलीचा विमा: ईमेलमध्ये काय हवे?

शाळेच्या एकदिवसीय सहलीसाठी सामूहिक वैयक्तिक अपघात विमा मागणाऱ्या ईमेलमध्ये विमा कंपनी आधी पाहते ती माणसे आणि वेळ. समजा, पुण्यातील एक शाळा 82 विद्यार्थी आणि 6 शिक्षकांना शिवनेरीला नेणार आहे. ‘सुमारे 90 जण’ असे लिहून भागत नाही. नाव, वय आणि पालकाचे नाव असलेली यादी जोडावी लागते. आयत्या वेळी एखादा मुलगा वाढला आणि त्याचे नाव कळवायचे राहिले, तर दावा तिथेच अडू शकतो.

‘सहलीचा दिवस’ हे शब्दही अपुरे आहेत. संरक्षण सकाळी 6 वाजता शाळेच्या फाटकापासून मुले परत पोहोचेपर्यंत हवे, असे स्पष्ट मागावे. बस उशिरा आली तर काय, हेही विचारावे. गड चढणे, पाण्यात उतरणे यांसारखे कार्यक्रम लपवू नयेत, कारण साहसी खेळ अनेकदा वगळलेले असतात.

मूळ विमा प्रामुख्याने अपघाती मृत्यू व कायमच्या अपंगत्वासाठी असतो. सहलीत मात्र हात मोडण्याचीच शक्यता जास्त, म्हणून उपचारखर्चाचे कलम वेगळे मागावे. अन्नातून विषबाधा झाली तर तो अपघात मानणार का, हे लेखी घ्यावे.

दरपत्रक मिळाले म्हणजे विमा सुरू झाला, असे नाही. विमा कायदा, 1938 च्या कलम 64व्हीबीनुसार हप्ता आधी जमा व्हावा लागतो. त्यामुळे शुक्रवारच्या सहलीसाठी गुरुवारी संध्याकाळी पाठवलेला ईमेल बहुधा वायाच जातो.