एकच अमावास्या, दोन लक्ष्मीपूजनं

२०२४च्या दिवाळीत न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये माझ्या मावसबहिणीच्या घरी लक्ष्मीपूजनावरून चांगलंच अडलं. पुण्याहून नेलेलं, स्वयंपाकघरात टांगलेलं कॅलेंडर म्हणत होतं शुक्रवार, १ नोव्हेंबर. तिथल्या देवळाच्या पत्रकात होता गुरुवार, ३१ ऑक्टोबर. फोनवर सासूबाई ठाम होत्या, "अगं, इथं सगळे शुक्रवारीच करताहेत. तू एकटीच आदल्या दिवशी कशी करशील?"

दोन्हीकडचं गणित बरोबर होतं. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते, आणि तो क्षण साऱ्या जगात एकच असतो. ती अमावास्या भारतात गुरुवारी दुपारी ३:५२ला लागली आणि शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. लक्ष्मीपूजनाला मात्र प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या साधारण अडीच तासांत, अमावास्या हवी. पुण्यात दोन्ही संध्याकाळी ती सापडत होती. शुक्रवारी जेमतेम काही मिनिटं. असं दोन्ही दिवशी झालं, तर दुसरा दिवस धरायचा, हा नियम आपल्याकडच्या पंचांगांनी पाळला.

आता हीच वेळ न्यू जर्सीच्या घड्याळात मांडू. तेव्हा तिथलं घड्याळ साडेनऊ तास मागे होतं. म्हणजे अमावास्या गुरुवारी सकाळी ६:२२ला लागली आणि शुक्रवारी सकाळी पावणेनऊच्या सुमारास संपलीसुद्धा. शुक्रवारी दिवे लागेपर्यंत तिथं प्रतिपदा सुरू होऊन नऊ तास होत आले असते. प्रदोषातली अमावास्या फक्त गुरुवारी होती. देवळाचं पत्रक तिथल्या सूर्यास्तावर बेतलेलं होतं, म्हणून माझ्या मते तेच ऐकायला हवं होतं.

बहिणीच्या मोबाइलमधलं पंचांग मात्र शुक्रवारच दाखवत होतं, कारण त्यात गाव पुणेच राहिलं होतं. ही चूक सूर्यास्तावरून कळत नाही. त्या आठवड्यात दोन्हीकडे सूर्य सहाच्या आसपासच मावळत होता. सूर्योदय बघावा. पुण्यात तो साडेसहाच्या सुमारास, तर तिथं सव्वासात उलटून गेल्यावर. पंचांगात साडेसहा दिसले, की ते परगावचं समजावं.

शेवटी गुरुवारी पहाटे अभ्यंगस्नान आणि त्याच संध्याकाळी पूजा झाली. त्या दिवशी हॅलोविन होता. बहीण चोपड्यांना हळदकुंकू वाहत होती आणि दारात वेश केलेली पोरं गोळ्या मागत होती. शुक्रवारी सकाळी साडेआठला पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. सासूबाईंची पूजा नुकतीच मांडून झाली होती आणि दोन्ही घरांत अजून अमावास्याच होती. हे सांगितल्यावर त्यांचा रुसवा गेला. एडिसनला शुक्रवार मोकळा गेला. पाडवा दोन्हीकडे शनिवारीच आला.